चौथी पायरी मोडली, म्हणून मधे दोन नव्या घातल्या

भाचीला वाचायला दिलेलं जॉन डिक्सन कारचं 'द हॉलो मॅन' मध्यंतरी परत आलं. खूणपट्टी पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांशातच अडकलेली. भाची म्हणाली, "मावशी, पुस्तक वाईट नाहीये गं, पण कोण कुठे होतं तेच माझ्या डोक्यात राहत नाहीये." मला फार लागलं ते. बंद खोलीची गोष्ट म्हटली की माझ्यासाठी तेच पुस्तक, आणि तिच्यासाठी मी ते महिनाभर राखून ठेवलं होतं.

नव्या वाचकाने रहस्यकथा कोणत्या क्रमाने वाचाव्यात, याची मागच्या नोंदीतली शिडी अशी होती: आधी होम्सच्या लघुकथा, मग अगाथा ख्रिस्तीचा मिस मार्पलच्या तेरा कोड्यांचा संग्रह, मग तिचंच 'मर्डर ऑन दि ओरिएंट एक्स्प्रेस' आणि मग थेट 'हॉलो मॅन'. पहिल्या तीन पायऱ्या ती धावत चढली. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा, हे तिला कळलं. पण त्याहून मला आवडलं ते हे की मटणाच्या रश्श्यापाशी ती आपणहून थांबली. तबेल्यातल्या पोराला अफूची पूड घालायची तर तिची चव लपवणारं मसालेदार जेवण त्याच रात्री हवं. बाहेरून आलेल्या माणसाला ते कसं जमवता येईल? हा प्रश्न तिने होम्सच्या आधी विचारला. त्या संध्याकाळी मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

मग चौथीवर का घसरली? पुस्तक हातात घेऊन मी दोन दिवस तेच शोधत बसले.

माझा हिशोब 'ओरिएंट एक्स्प्रेस'मुळे चुकला. डझनभर संशयित तिने आरामात पेलले, म्हणून मी धरून चाललं की आता गर्दीची भीती नाही. पण तिथली गर्दी रांगेत बसलेली असते. एक डबा, एक खून, एक रात्र, आणि प्रवासी एकेक करून साक्षीला येतात. मनात उघडा प्रश्न एकच: कोणी? 'हॉलो मॅन'मध्ये माणसं फार नाहीत, पण प्रश्न एकावर एक चढत जातात. मुखवटा घातलेला माणूस प्राध्यापकाच्या अभ्यासिकेत शिरताना दिसतो, आतून गोळीचा आवाज येतो, दार उघडलं तर तो माणूस गायब, आणि बाहेर बर्फावर पावलाचा ठसा नाही. त्याच रात्री रिकाम्या रस्त्याच्या मधोमध दुसऱ्या माणसाला अगदी जवळून गोळी लागते, आणि तिथेही बर्फावर फक्त मेलेल्याचेच ठसे. त्यात भर म्हणून तीन भावांचा जुना भूतकाळ. म्हणजे पहिला खून कसा, दुसरा कसा, वेळा कशा जुळतात आणि मूळ वैर कुठलं, हे चारही प्रश्न एकाच वेळी धरून ठेवायचे. पुस्तकाची अवघड बाजू पात्रं मोजून कळत नाही, एका वेळी किती प्रश्न उघडे आहेत ते मोजावं लागतं.

पायरी उंच झाली हे ओळखायची खूणही सापडली. वाचणारा मागची पानं उलटतो ती दोन कारणांनी. 'तो पेला तिथे आधीपासून होता का?' म्हणून उलटत असेल तर तो खेळात आहे. 'हा मिल्स म्हणजे नक्की कोण?' म्हणून उलटत असेल तर पुस्तक काढून घ्यावं, अजिबात आग्रह करू नये. भाची शेवटच्या दोन बैठकांत सारखी दुसऱ्या कारणाने मागे जात होती. ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, तरी मी थांबवलं नाही.

हवी होती ती अशी पायरी, जिथे संशयित मोजके असतील, पण तीच घटना पुन्हा पुन्हा तपासावी लागेल. 'फाइव्ह लिटल पिग्ज' (1942) आठवलं आणि मी अक्षरशः उठून उभी राहिले. सोळा वर्षांपूर्वी एका चित्रकाराला विष दिलं गेलं, बायकोला शिक्षा झाली, ती तुरुंगात गेली आणि तिथेच वारली. आता मुलगी मोठी होऊन गुप्तहेर प्वारोकडे येते. संशयित फक्त पाच. पहिल्या भागात प्वारो त्यांना भेटतो, दुसऱ्या भागात ते पाचजण त्याच दिवसाची आपापली हकीकत लिहून देतात. म्हणजे दुसरं वाचन पुस्तकातच शिवून दिलेलं आहे. पानं उलटून मागे जावं लागत नाही, घटनाच नव्या तोंडून परत समोर येते, आणि कोणी काय गाळलं ते नजरेत भरतं.

आपली चिठ्ठीची पद्धत इथे खरी उपयोगी पडली. उलगडा सुरू होण्याआधी वाचन थांबवायचं आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: नाव, कसं केलं, आणि एक दुवा, पानासकट. नाव बरोबर पण दुवा नाही, तर तो नुसता अंदाज. भाचीने नाव चुकीचं लिहिलं. पण दुवा लिहिला तो अस्सल होता. एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतात हे तिने पकडलं होतं, फक्त दुसऱ्या अर्थाचा धागा शेवटपर्यंत ओढला नाही. मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

एक तक्रार. सुरुवातीला मी एक संक्षिप्त आवृत्ती आणली होती. मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलं तर दुव्याचं वाक्यच गाळलेलं! रहस्यकथेत फालतू वाटणारं वाक्यच बहुतेक वेळा कामाचं असतं, त्यामुळे संक्षिप्त आवृत्ती या शिडीवर मुळीच नको. आणि 'हॉलो मॅन' अमेरिकेत 'द थ्री कॉफिन्स' नावाने निघालं होतं, तेव्हा तेच पुस्तक दोनदा घेऊ नका.

यानंतर ख्रिस्तीचंच 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (1926) द्यायचं ठरवलं होतं. पण त्याचा धक्का बसायला वाचकाला आधी काही सवयी लागलेल्या हव्यात, आणि तिला त्या अजून नीट लागल्या नाहीत. ते पुढे ढकलते.

काल हे लिहिता लिहिताच नवी जोडी सुचली. अँथनी बर्कलीची 'दि अव्हेंजिंग चान्स' ही लघुकथा आणि 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' (1929) ही कादंबरी. नावं बदललेली, पण गुन्हा तोच: एकाला टपालाने चॉकलेट्स येतात, तो ती क्लबातच दुसऱ्याला देऊन टाकतो, आणि मरते त्या दुसऱ्याची बायको. लघुकथेत शोधणारा एक, उत्तर एक. कादंबरीत सहाजणांचं मंडळ एकेक रात्री आपापलं उत्तर मांडतं, आणि प्रत्येक उत्तर त्याच पुराव्यातून निघतं. पटणारं उत्तर आणि खरं उत्तर यांत फरक असतो, हे नव्या वाचकाला दाखवायला मला याहून सोपी जागा माहीत नाही. नवा गुन्हा समजून घ्यायचे श्रम नाहीत, सगळं लक्ष तर्कावर. तिथून एलरी क्वीनचं 'द ग्रीक कॉफिन मिस्टरी' (1932) जवळ येतं, कारण त्यातही खोटे उलगडे एकामागून एक कोसळतात, फक्त पसारा कितीतरी मोठा.

तर 'हॉलो मॅन' आता सहावं. तेव्हा दोन्ही खुनांच्या वेळा तिला वेगळ्या कागदावर लिहायला लावणार आहे, आणि त्यातला गुप्तहेर डॉ. फेल बंद खोल्यांवर बोलतो ते सतरावं प्रकरण आम्ही दोघी मिळून मोठ्याने वाचणार. काल रात्री तिच्याकडे लघुकथा दिली. सकाळी निरोप आला: "चिठ्ठी लिहिली. पण मावशी, चॉकलेट्स देऊन टाकली हा योगायोगच होता हे कशावरून?"

कादंबरी आजच देते.