सहा आठवडे कधीपासून मोजायचे?

"चार महिने गोळ्या खाल्ल्या ओ डॉक्टर, तरी नडगीतनं पू येतोयच. मग हे सहा आठवड्यांचं औषध कसलं सांगतात?"

हाडातल्या संसर्गाला सहा आठवडे अँटिबायोटिक देतात, त्यावर हा प्रश्न विचारणाऱ्या निपाणीकडच्या एका शेतकरीदादांची गोष्ट सांगतो. वय सेहेचाळीस, तंबाखूचं रान आणि खिशात तंबाखूची पिशवी. माझ्याकडे आले त्याच्या तीन वर्षं आधी मोटारसायकलवरून पडून नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. रॉड बसवला, हाड जुळलं, येण्याच्या वर्षभर आधी रॉड काढलाही. पण त्यानंतर नडगीवर हरभऱ्याएवढं तोंड पडलं. गोळ्या चालू असल्या की ते सुकायचं, बंद केल्या की पंधरा दिवसांत पुन्हा वाहायचं.

मी आधी साधा एक्स-रे काढला. हाडातला नवा संसर्ग एक्स-रेवर दिसायला दहा-चौदा दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या स्वच्छ फोटोवर विसंबू नये. तेव्हा एमआरआयच लवकर सांगतो. इथं दुखणं जुनं होतं, म्हणून एक्स-रेच बोलला. हाडाची भिंत जाड झालेली, आत एक पांढरट तुकडा आणि त्याभोवती काळी कडा. मज्जेत संसर्ग कुठवर गेलाय ते एमआरआयनं दाखवलं. मेलेल्या तुकड्याची नेमकी लांबी मात्र सीटी स्कॅनवर कळली, सुमारे तीन सेंटिमीटर. तुकडा शोधायला सीटी, पसारा बघायला एमआरआय, असा माझा हिशेब. पायात रॉड असता तर धातूमुळे एमआरआयचं चित्र बिघडलं असतं.

त्या तुकड्यातच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, आणि औषध तर रक्तातूनच पोचतं. वर जंतू त्या तुकड्यावर चिकट थर करून बसतात. गोळ्यांनी आजूबाजूचं शांत होतं, घर तसंच राहतं.

प्रौढांसाठी आम्ही सियर्नी-मेडर वर्गीकरण वापरतो. पहिल्या टप्प्यात संसर्ग फक्त मज्जेत, दुसऱ्यात हाडाच्या पृष्ठभागावर. तिसऱ्यात भिंतीची पूर्ण जाडी एका जागी खराब, पण खराब भाग काढला तरी हाड उभं राहतं. चौथ्यात ते राहत नाही, आधार द्यावा लागतो. दादांचं हाड तिसऱ्यात. पण या वर्गीकरणाची खरी गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे, कारण ते माणसाचाही दर्जा लावतं. धडधाकट तो 'अ', बरं होण्यात अडथळे असलेला 'ब', आणि ज्याला दुखण्यापेक्षा उपचारच जड जातील तो 'क'. दादांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, नऊच्या वर, शिवाय तंबाखू. म्हणजे 'ब'.

त्यांच्या पिशवीत जखमेच्या पुवाचा जुना रिपोर्ट होता, त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू. चार महिन्यांच्या गोळ्या त्यावरच दिलेल्या. पण जखमेच्या तोंडाशी पाहुणेही बसलेले असतात. आतल्या हाडात कोण आहे हे तिथून खात्रीनं कळत नाही. ताप नव्हता, म्हणून सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या दोन आठवडे बंद ठेवल्या. हे ऐकून घरचे माझ्यावर चिडले होते. मग ऑपरेशनमध्ये मेलेला तुकडा काढला, रक्त पाझरणारं हाड लागेपर्यंत खरवडलं आणि पाच वेगवेगळे नमुने पाठवले, टीबीच्या तपासणीसकट. उगवला स्टॅफिलोकोकस ऑरियस, प्रौढांच्या हाडातला नेहमीचा जंतू. टीबी निघाला नाही.

ऑपरेशनच्या त्या दिवसापासून सहा आठवडे मोजायचे. आधीचे चार महिने हिशेबात धरायचे नाहीत. पहिले काही दिवस शिरेतून सेफाझोलिन दिलं, नंतर जंतूवर चालतं हे बघून क्लिंडामायसिनच्या गोळ्या. सहा आठवडे सलाईनच हवं असा आग्रह पूर्वी असे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या आठवड्यातच योग्य गोळ्यांवर आणलेले रुग्ण वर्षअखेर मागे पडले नाहीत. त्यामुळे दादांना गावी जाता आलं.

सहा आठवडे सगळ्यांना लागू नाहीत. मधुमेही पायाचं खराब बोट पूर्ण काढलं, मागं संसर्ग उरला नाही, तर काही दिवस पुरतात. मणक्याला सहसा सहा आठवडे. पण तिथं टीबी निघाला तर वर्षभर. कच्चं दूध पिणाऱ्या, गुरं राखणाऱ्या माणसाची पाठ आणि ताप एकत्र आला की मी ब्रुसेला हा गुरांकडून येणारा जंतूही शोधतो. त्याला तीनेक महिने दोन-तीन औषधं लागतात.

रक्तातून सूज मोजणाऱ्या दोन तपासण्यांपैकी दादांचा सीआरपी आधी उतरला, ईएसआर रेंगाळला. एक्स-रे आणखी मागून येतो, म्हणून मी जखमेकडेच बघतो. अकरा महिने तोंड बंद आहे. साखरही आटोक्यात आली. पिशवी मात्र अजून खिशात असते, त्यामुळे कागदावर ते अजून 'ब'च.