आवाज मागे, ओठ पुढे: साउंडबारच्या उशिराची आत्तापर्यंतची नोंद

मंडळी, साउंडबारवरच्या लिपसिंकचा घोळ आता बराचसा आटोक्यात आलाय, म्हणून ही नोंद. सेटअप साधाच आहे. मालवणच्या घरातल्या माजघरात टीव्ही, त्याच्या एका एचडीएमआय पोर्टात स्ट्रीमिंग स्टिक, आणि टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एआरसी पोर्टातून केबल बारला. ईएआरसी नाही, साधं एआरसी. बारच्या मागे मात्र एक एचडीएमआय इनपुट रिकामं होतं. ते लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं अडतं.

तक्रार पहिल्यांदा काकूची. "ह्यांची तोंडा आधी हलतत, आवाज मागसून येता," असं ती म्हणाली आणि मालिका सोडून स्वयंपाकघरात गेली. गंमत म्हणजे यूट्यूबवर तिला काही खटकत नव्हतं. खटकत होतं ते फक्त सिनेमांच्या अ‍ॅपवर.

बारच्या मेनूत `Audio Delay` आहे, 0 ते 300 मिलिसेकंद. नाव बघून वाटतं की हेच औषध. पण हा आकडा आवाज फक्त मागे ढकलतो, पुढे आणत नाही. जो आवाज अजून बारपर्यंत पोचलाच नाही, तो बार आधी कसा वाजवणार? आवाज ओठांच्या मागे असताना हा आकडा वाढवला तर दुखणं वाढतंच. तो शून्यावर असूनही आवाज मागेच असेल, तर बारच्या मेनूत तुमच्यासाठी काही शिल्लक नाही. मग दोनच वाटा उरतात: आवाजाच्या रस्त्यातले थांबे कमी करा, नाहीतर चित्राला थोडं थांबवा. मी ठरवलं की आधी आवाज ओठांच्या पुढे काढायचा आणि मग `Audio Delay` ने हवा तेवढा मागे खेचायचा.

पण आधी मोजणी, कारण डोळ्यांवर भरवसा ठेवून काही जमत नाही. एकदा उशीर शोधायला बसलं की सगळेच उशिरा बोलताना दिसायला लागतात.

मोजायची रीत अशी. फोन बसायच्या जागी स्टँडवर लावायचा, सेकंदाला 60 फ्रेमवर साधं रेकॉर्डिंग करायचं. स्लो मोशन नको, काही फोन त्यात आवाजच टाकत नाहीत. मग ती क्लिप आवाजाची लहर दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट एडिटरमध्ये उघडायची आणि पडद्यावर टाळी पडलेली फ्रेम ते लहरीतलं तिचं टोक यांतल्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे जवळपास 17 मिलिसेकंद, तेवढी चूक गृहीतच धरायची.

त्याआधी फोनची स्वतःची खोड काढून घ्यावी लागते. टीव्हीच्या जागी उभं राहून स्टीलच्या वाटीवर चमचा मारला, तोच फोन, तीच जागा. चमचा वाटीला टेकला त्या फ्रेमपासून लहरीचं टोक एक फ्रेम उशिरा आलं. त्यातले सात-आठ मिलिसेकंद तर अडीच मीटर हवेतून आवाज येण्यातच जातात, बाकी फोनचे. पुढच्या प्रत्येक आकड्यातून ही एक फ्रेम वजा केली आहे.

चाचणीचं दृश्य निवडतानाही जपायला लागतं. डब केलेलं काही घेऊ नका, तिथे ओठ मुळातच जुळत नसतात. मूळ भाषेतला गप्पांचा कार्यक्रम घ्या, ज्यात सूत्रधार कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतो. टाळी नसेल तर प, ब, म असलेले शब्द बघा. त्यांना ओठ मिटतात आणि उघडताक्षणी आवाज फुटतो. आणि चाचणी त्याच अ‍ॅपमध्ये करायची जिथे त्रास आहे. यूट्यूबवरची चमक-आणि-बीपवाली क्लिप जुळली म्हणून सिनेमाचं अ‍ॅप जुळेल असं नाही, कारण दोन्हींचा आवाज वेगळ्या वाटेने येतो. यूट्यूबचा दोन चॅनेलचा आवाज स्टिकमध्येच उलगडून पीसीएम म्हणून बाहेर पडतो. सिनेमाचं अ‍ॅप डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतं, आणि तो गठ्ठा पुढे कोणीतरी उलगडायचा असतो.

पहिली मोजणी, सिनेमाचं अ‍ॅप, बार एआरसीवर: आवाज 9 फ्रेम मागे, म्हणजे 150 मिलिसेकंद. तेच दृश्य टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर: जेमतेम एक फ्रेम. त्यावरून अ‍ॅप आणि स्टिक दोन्ही सुटले, दोष टीव्ही ते बार या टप्प्यात. दृश्य संपेपर्यंत उशीर तेवढाच राहिला, हेही पाहून घेतलं. तो हळूहळू वाढत गेला असता तर केबल आणि मेनू बघण्यात अर्थ नव्हता. तसं झालं तर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं.

150 म्हणजे किती, याला मोजपट्टी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना आयटीयूच्या बीटी.1359 या शिफारशीनुसार आवाज साधारण 125 मिलिसेकंद मागे पडला की माणसाला कळायला लागतं, पण पुढे गेला तर 45 लाच कळतं. युरोपियन प्रसारकांची आर37 ही शिफारस जास्त कडक आहे, 60 मागे आणि 40 पुढे. मागचा आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण जगात तो मागूनच येतो. खाडीपलीकडे होडीवर कोणी हातोडा मारताना पाहिलाय ना, घाव आधी दिसतो आणि ठोका नंतर पोचतो, तसं.

आता थांबे काढायला घेतले.

पहिला निघाला `Game Mode`. भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत लावलेला, तसाच राहिलेला. एरवी टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करतो आणि तेवढं ते उशिरा दाखवतो. गेम मोडमध्ये ती प्रक्रिया गळते, चित्र लवकर येतं आणि आवाजाला पकडायचं अंतर वाढतं. म्हणून इतर सगळीकडे उपयोगी असलेली ही सोय इथे आपल्या विरुद्ध जाते. बंद केल्यावर 9 च्या 5 फ्रेम झाल्या, 83 मिलिसेकंद. काकूला तेवढ्यावरच बरं वाटलं. मला प आणि म वर अजून दिसत होतं.

दुसरा थांबा टीव्हीच्या `Digital Sound Output` मध्ये. ते `Auto` वर होतं. बारच्या डिस्प्लेवर साधं डॉल्बी डिजिटल दिसत होतं आणि स्टिक तर प्लस पाठवत होती, म्हणजे टीव्ही मधल्या मध्ये गठ्ठा सोडून पुन्हा बांधत होता. डॉल्बी डिजिटलची एक फ्रेम 1536 नमुन्यांची असते, 48 किलोहर्ट्झला ती 32 मिलिसेकंद भरते. पूर्ण फ्रेम हातात आल्याशिवाय ना बांधता येत ना सोडता, त्यामुळे प्रत्येक सोड-बांधीला हा दंड बसतो. `Pass Through` केल्यावर बारवर प्लस दिसायला लागलं आणि उशीर 3 फ्रेमवर आला, 50 मिलिसेकंद.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. आर37 च्या आत होतो.

पण ते रिकामं इनपुट खुणावत होतं. स्टिक टीव्हीतून काढली आणि थेट बारच्या एचडीएमआय इनपुटमध्ये लावली. आता आवाज बारमध्येच उतरतो, आणि चित्र बारमधून टीव्हीकडे जाऊन तिथली प्रक्रिया होईपर्यंत थांबतं. मोजलं तर आवाज 2 फ्रेम पुढे, 33 मिलिसेकंद. हेच हवं होतं! आता कुठे `Audio Delay` चा उपयोग झाला. 30 ठेवलं आणि पुढच्या मोजणीत टाळी आणि टोक एकाच फ्रेमवर आले.

हे करण्याआधी एक खात्री करा: तुमचा बार तुमचं चित्र जसंच्या तसं पुढे देतो का. त्याला 4के, एचडीआर आणि एचडीसीपी 2.2 जमत नसेल तर आवाज सुधारेल आणि चित्र बिघडेल. तसंच, चाचणीचं दृश्य सिनेमाच्या 24 फ्रेमवर चालतंय की 60 वर, ते बघा. काही टीव्ही दोन्हींना वेगवेगळा वेळ घेतात, त्यामुळे एकीकडे बसवलेला आकडा दुसरीकडे थोडा सरकतो.

ज्यांच्या बारला एचडीएमआय इनपुटच नाही, किंवा जे टीव्हीतलीच अ‍ॅप वापरतात, त्यांना ही वाट बंद. त्यांनी आधी `Pass Through` बघावं, त्याने भागलं नाही तर `PCM` करावं. मग आवाज टीव्हीच उलगडतो आणि बारला आयता मिळतो, उशीर बहुतेक वेळा कमी होतो. किंमत म्हणून एआरसीवर आवाज दोन चॅनेलचा राहतो, अ‍ॅटमॉस जातं. बातम्या आणि मालिकांपुरता मी तरी तो सौदा केला असता. ब्लूटूथने बार जोडला असेल तर आधी केबल आणा, बाकीचं नंतर.

आता आमच्याकडची खास भानगड. पावसात लाईट जाते-येते. टीव्ही इन्व्हर्टरवर आहे, बार नाही. लाईट आली की बार मागाहून जागा होतो, तोवर स्टिकने समोर फक्त टीव्ही आहे असं धरलेलं असतं आणि ती पीसीएम पाठवायला लागते. पीसीएम बारमध्ये जास्त लवकर सुटतं, त्यामुळे 30 लावलेलं असूनही आवाज ओठांच्या पुढे पळतो, आणि पुढे पळालेला आवाज फार खुपतो. ओळखायची खूण बारच्या डिस्प्लेवरच आहे: डॉल्बीचा सिनेमा चालू असताना तिथे `PCM` दिसतं. अशा वेळी आकड्याला हात लावायचा नाही. बार चालू ठेवून स्टिकची वीज काढायची, अर्ध्या मिनिटाने लावायची, डॉल्बी परत येतं. खाऱ्या हवेने केबलची टोकं गंजतात हे खरं, पण त्याने आवाज तुटतो किंवा चित्र चमकतं, मागे पडत नाही. त्यामुळे या कामासाठी नवी केबल घेऊ नका.

राहिलेलं एक दुखणं: आमच्या बारला `Audio Delay` सगळ्या इनपुटांना मिळून एकच आहे. स्टिकसाठी लावलेले 30 टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सच्या बातम्यांनाही लागतात, आणि तिथे आवाज मुळातच थोडा मागे आहे. मोजलं तर 4 फ्रेम आल्या. पुढच्या खेपेला बॉक्सचा आवाज पीसीएमवर आणून बघणार आहे. बॉक्सच्या मेनूत ती सोय आहे, पण सध्या काका रिमोट सोडत नाहीत.