गेल्या दिवाळीचं गिऱ्हाईक

नवरात्र लागलं की माझ्या इनबॉक्समध्ये भलत्याच लोकांना माझी आठवण येऊ लागते. चपलांचं दुकान, चष्म्याचं दुकान, कधीतरी जिथून दोन कुंड्या मागवल्या ती नर्सरी. 'आहात कुठे?', 'आमचं काही चुकलं का?', 'परत या, 20 टक्के सूट!' अहो, चपला अजून पायात आहेत आणि चष्म्याचा नंबर बदललेला नाही, यात तुमचं काय चुकायचं? पण हे मी मोठ्याने बोलू शकत नाही. छोट्या धंदेवाल्यांना असले मेल लिहून देणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. आमच्यात त्याला विनबॅक म्हणतात. रुसलेल्या गिऱ्हाइकाची मनधरणी.

गिऱ्हाईक खरंच रुसलंय का, हे मात्र फारसं कुणी बघत नाही.

माझ्या मावसबहिणीचं डोंबिवलीत फराळाचं काम आहे. इथली गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर आणि जिन्यात गाठून ऑर्डर देतात. ईमेलवर येतात ती पुण्या-मुंबईतली नोकरदार मंडळी आणि परदेशातली मुलं-सुना. स्वतःसाठी मागवणारे, किंवा तिकडून पैसे भरून सांगलीच्या सासूबाईंना डबा पोचवणारे. मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तयार गाळणी असते: शेवटची खरेदी होऊन 365 दिवस उलटले की गिऱ्हाईक 'सुटलं'. ताईने ती चालू केली आणि मला फोन केला. "अगं, हे यंत्र म्हणतंय निम्मी माणसं गेली. गेल्या दिवाळीला तर सगळी होती!"

सगळी होतीच. फराळाचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. आणि दिवाळीचं वर्ष काही 365 दिवसांचं नसतं. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला, म्हणजे अंतर 354 दिवसांचं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी थेट 8 नोव्हेंबरला गेली, अंतर 383 दिवसांचं. आता मेल घटस्थापनेला, म्हणजे 11 ऑक्टोबर 2026 ला पाठवायचा म्हणा. गेल्या वर्षी दसरा झाल्या झाल्या, 3 ऑक्टोबरलाच ज्यांनी पैसे भरून ठेवले, त्यांचे 365 दिवस उलटून गेले. त्यांना मेल जाणार, 'तुम्ही आम्हाला विसरलात!' आणि जे वसुबारसेच्या तीन दिवस आधी 'काहीतरी करा हो' म्हणत आले, ते अजून नियमित गिऱ्हाईक. म्हणजे जो सगळ्यात वक्तशीर, त्याच्यावरच विसराळूपणाचा ठपका.

2025 मध्ये याच्या उलट झालं असतं. तेव्हा घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, आदल्या दिवाळीच्या कुणाचंच वर्ष भरलेलं नव्हतं. त्यांतला एकही माणूस गाळणीत अडकला नसता, आणि ताई निर्धास्त राहिली असती.

मग आम्ही दिवसांची गाळणी बंद केली आणि एक्सेलमध्ये दिवाळीवार रकाने पाडले. 2023, 2024, 2025, आणि ज्या दिवाळीला ऑर्डर होती तिथे खूण. शेवटच्या रकान्यात खूण आहे, तो सुटलेला नाहीच, त्याला फक्त 'बुकिंग सुरू झालं' एवढं कळवायचं. आधी खूण आहे आणि गेल्या दिवाळीला नाही, तो खरा सुटलेला. अशी नावं फारच थोडी निघाली. ती ताईने चष्मा लावून एकेक वाचली. "ही आता कॅनडाला गेली. यांच्याकडे सून आली, ती स्वतः करते. आणि यांनी त्या वर्षीच घेतलं होतं, मोठे काका गेले होते ना."

हे तिसरं मला कुठल्याही सॉफ्टवेअरने सांगितलं नसतं. पुष्कळ घरांत माणूस गेल्यावर त्या वर्षी कढई चढवत नाहीत, नातेवाईक फराळ आणून देतात. त्यातलाच कुणी एखाद्याच वर्षी विकतचा डबा घेतो आणि पुन्हा कधी घेत नाही. त्या माणसाला 'आमचं काही चुकलं का?' विचारणं म्हणजे कमालच. 'गेल्या वेळचीच ऑर्डर, त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवू का?' हे बटण तर मी ताईला मुळीच लावू दिलं नाही. सोय म्हणून ते चांगलं आहे, कबूल. पण सांगलीच्या त्या पत्त्यावर सासूबाई अजून आहेत की नाहीत, हे आपल्याला कुठे माहीत असतं? गेल्या वेळी काय घेतलं ते लिहावं, कुणाला पाठवलं ते लिहू नये.

सुटीचं, म्हणजे डिस्काउंटचंही आम्ही काढून टाकलं. जो दरवर्षी पूर्ण दराने घेतो त्याला काही नाही आणि जो आला नाही त्याला 20 टक्के, हे एकदा का सोसायटीच्या ग्रुपवर फुटलं की संपलंच. शिवाय घरगुती फराळात विकायला जास्तीचा माल नसतोच. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटून गूळ घालून पीठ मुरायला ठेवायचं. दोन कढया आणि चार बायका जेवढं तळतील तेवढंच. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाला देण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे आधी नंबर. शेवटी मेल असा झाला:

'विषय: अनारशाचे तांदूळ सोमवारी भिजतील

नमस्कार. गेल्या दिवाळीला तुम्ही भाजणीची चकली एक किलो आणि अनारसे अर्धा किलो घेतले होते. यंदा ऑर्डर दसऱ्यापर्यंत कळवली तर अनारसे नक्की मिळतील, त्यानंतर पीठ उरलं तरच. परदेशी पाठवायचं असेल तर याच आठवड्यात सांगा. यंदा नको असेल तर खालच्या लिंकवर टिचकी मारा, पुन्हा मेल येणार नाही.'

ती शेवटची ओळ ताईला खटकली. "आपणच जा म्हणायचं?" म्हणायचंच. बाहेर पडायची वाट सापडली नाही की माणूस 'स्पॅम' दाबतो, आणि ते जास्त महागात पडतं. जीमेलवर मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना गूगलने घालून दिलेली हद्द 0.3 टक्क्यांची आहे, हजारात तीन तक्रारी. ताईची यादी लहान, पण नाराजी लहान यादीलाही भोवते. पुढचे मेल मग चांगल्या गिऱ्हाइकांच्याही स्पॅममध्ये जाऊन पडतात. त्यात अकरा महिने गप्प बसून एका सकाळी सगळ्या यादीला मेल सोडला की तिकडची यंत्रणा आधीच संशयाने बघते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त गेल्या दिवाळीचे पन्नास जण घेतले. त्यातले काही मेल लगेच परत आले, बहुतेक ऑफिसच्या पत्त्यांवरचे. नोकरी बदलली, पत्ता मेला. ते खोडले आणि मग पुढची खेप सोडली, खऱ्या सुटलेल्यांनाही, फक्त 'गेल्या दिवाळीला'च्या जागी त्यांचं शेवटचं वर्ष घालून.

किती जणांनी मेल उघडला, हा आकडा मी ताईला दाखवलाच नाही. 2021 पासून आयफोनचं मेल ॲप माणसाने बघण्याआधी स्वतःच मेलमधली चित्रं उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे न उघडलेलाही उघडलेला दिसतो. आम्ही मोजली ती उत्तरं. ऑर्डरी आल्याच, पण खऱ्या सुटलेल्या त्या थोड्या नावांमधून एकसारखी पत्रं आली: 'यंदाही घरीच करणार आहे, पण भाजणी नीट जमत नाही. नुसतं पीठ द्याल का?'

ताईने आधी नाक मुरडलं. मग हिशेब केला. पीठ तळावं लागत नाही, तेल लागत नाही, कुरियरमध्ये चकली मोडते तसं पीठ मोडत नाही. आता एक्सेलमध्ये 'पीठवाले' असा नवा रकाना आहे, आणि त्यांना मेल नवरात्राच्याही आधी, पितृपक्ष संपता संपता जातो, कारण घरी करणाऱ्यांची तयारी आपल्याआधी सुरू होते.