मागच्या साली तर काहीच नव्हतं झालं

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी नेहमीपेक्षा भरलेली असते. चार दिवस घरच्या गडबडीत अंगावर काढलेली दुखणी सगळी एकदम येतात. त्या गर्दीत एक बाई दोन मुलींना घेऊन आली. थोरली सोळा वर्षांची. तिनं उजवा हात छातीशी धरला होता, त्यावर ओढणी गुंडाळलेली.

"पाहा न जी मॅडम. फवारनीचं लागलं काय तिले?"

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते इथं कोणी विसरलेलं नाही. बाप आदल्या आठवड्यात फवारून आला होता आणि त्याचे कपडे या पोरीनंच धुतले होते. मीही क्षणभर तिकडंच वळले. बाहुल्या पाहिल्या, घाम, लाळ, उलटी, सगळं विचारलं. तसलं काहीच नव्हतं.

मग ओढणी सोडली. मनगटापासून कोपराच्या जवळपर्यंत फोड होते. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही एकमेकांत मिसळून फुगलेले, आत पिवळसर पाणी. आजीनं वरून हळद लावली होती, त्यामुळं नीट दिसत नव्हतं. सलाइनच्या ओल्या गॉजनं हळद हलक्या हातानं पुसली आणि खालून वेल निघाली. देठ, पानं, मधे एक कोयरी. फोड रेघेवर होते, दोन रेघांमधली कातडी जवळजवळ साबूत. कपडे धुताना लागलेलं औषध असं नक्षी काढून लागत नाही.

"मेंदी कधी लावली?"

"महालक्ष्म्या बसल्या त्याच्या आदल्या रात्री," पोरगीच बोलली. म्हणजे चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी सकाळी फोड.

आईला हे पटेना. "मेंदी तं मागच्या सालीबी लावली होती जी, मामाच्या पोरीच्या लग्नात. तवा काहीच नव्हतं झालं. अन हे धाकटी पाहा, एकाच कोनची लावली दोघींनी. हिले काहीच नाही."

धाकटीनं दोन्ही हात पुढं केले. काळीकुट्ट, चकचकीत नक्षी, एक पुरळसुद्धा नाही. ती काळी नक्षी पाहिली आणि उलगडा झाला. मेंदीच्या पानाचा रंग केशरी चढतो आणि मग तपकिरी होतो, फार तर काळपट लाल. शाईसारखा काळा तो कधीच होत नाही. काळ्या कोनात बहुधा केस काळे करायच्या डायमधलं रसायन मिसळलेलं असतं, पॅरा-फेनिलीनडायअमीन, लोक त्याला पीपीडी म्हणतात. युरोपात केसांच्या डायमध्ये, केसाला लावताना, ते जास्तीत जास्त २ टक्के चालतं, आणि कातडीवर लावायला परवानगीच नाही. काळ्या मेंदीच्या तपासलेल्या काही नमुन्यांत ते १५ टक्क्यांच्याही वर सापडलेलं आहे. शिवाय डाय अर्ध्या-पाऊण तासात धुतला जातो, मेंदी मात्र पोरी रात्रभर ठेवतात.

आईचे दोन्ही प्रश्न खरे तर एकाच गोष्टीबद्दल होते, म्हणून मी ओपीडी थांबवून तिला समजावायला बसले. पीपीडी हातात काही भाजत नाही. तेजाब सांडलं तर पहिल्याच वेळी आणि ज्याला लागेल त्याला भाजतं. इथं मामला वेगळा आहे. पीपीडीचा रेणू अगदी लहान असतो, कातडीच्या वरच्या थरातून सहज आत शिरतो. हवेतल्या आणि कातडीतल्या ऑक्सिजननं त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप आपल्याच कातडीच्या प्रथिनांना चिकटून बसतं. प्रथिन आपलं, पण त्याच्यावर हे बिऱ्हाड चढलेलं. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी तो नमुना उचलतात आणि जवळच्या गाठीत नेऊन दाखवतात. तिथं त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या सगळ्याला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर मेंदी उतरत आलेली असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नाही.

"म्हणजे मागच्या साली झालं, पण आतून झालं," मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग थोरलीकडं वळून म्हणाली, "लग्नानंतर दहा-बारा दिवसांनी तुहा हात खाजत होता न वं? आपण घामोळं म्हणलं होतं."

मे महिना, विदर्भातलं ऊन. घामोळंच म्हणणार कोणीही. पण तेवढ्या एका वाक्यात केस पूर्ण झाली. टी-पेशी तयार झाल्या तेव्हा कातडीत थोडं रसायन उरलेलं होतं, त्यावर त्यांनी पहिला हात उगारला. या वेळी फौज तयारच होती, म्हणून एक-दोन दिवसांत सूज, पाणी आणि फोड. टी-पेशी त्या कातडीवरच हल्ला करतात, पेशींच्या मधे पाणी साचतं, आणि तेच फोड म्हणून वर येतं. तळहाताची कातडी जाड असते, म्हणून तळहातावर नुसती लाली आणि खाज होती. मनगट नि हाताच्या पाठीवर सगळं फुललं होतं.

धाकटीचं शरीर अजून ओळखायला शिकलं नसेल किंवा आत्ता या क्षणी शिकत असेल. सगळेच शिकतात असं नाही, पण कोण शिकेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून "हिले काहीच नाही" याचा अर्थ "हिले चालते" असा होत नाही. घरी अर्धा कोन उरला होता. तो पुढच्या सणाला धाकटीलाच कामी येणार होता. मी तो दुसऱ्या दिवशी मागवून घेतला.

उपचारात फार काही नवल नाही. मिठाच्या पाण्याचे थंड पट्टे, लावायला जोरदार स्टेरॉइड मलम, रात्री खाजेची गोळी. पसारा मोठा होता म्हणून तोंडानं स्टेरॉइडही दिलं, पण ते वजन पाहून आणि हळूहळू कमी करत. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घ्यायची ही गोळी नव्हे. फोड घरी फोडायचे नाहीत, त्यांच्यावरची कातडी हीच पट्टी. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास अडला तर रात्री-बेरात्री निघून यायचं, हे दोनदा सांगितलं.

उरलेला कोन टेबलावर होताच, आणि आठवडी बाजारही दोन दिवसांवर होता. मी गेले. बांगड्यांच्या पालाखाली कोनांची माळ टांगलेली. त्यावर सुंदर नवरीचं चित्र, 'हर्बल' असं ठसठशीत लिहिलेलं. कोणी बनवलं, कधी बनवलं, आत काय आहे, यातलं एक अक्षर नाही.

"किती दिवस टिकते हो दादा?"

"कितीबी ठेवा मॅडम, खराब नाही होत. अर्ध्या घंट्यात काळी."

त्या भल्या माणसानं दोन्ही कबुल्या एका दमात दिल्या. खरी भिजवलेली मेंदी आपल्याकडच्या उन्हात टांगून ठेवली तर तीन-चार दिवसांत रंग देईनाशी होते. जपायची तर फ्रीजमध्ये. आणि पानातला रंग, ज्याला लॉसोन म्हणतात, कातडीच्या केराटिनमध्ये हळूहळू उतरतो. चार-सहा तास ठेवा, धुतल्यावर केशरी दिसते, एक-दोन दिवसांत गडद होते. अर्ध्या तासात काळी म्हणजे तिथं काम करणारं कोणी दुसरंच आहे.

कोन पिळून पाहिला. खरा लगदा हिरवट-तपकिरी असतो, वास भिजवलेल्या सुक्या पाल्याचा, त्यात निलगिरीचं तेल घातलं असेल तर तो. हा लगदा काळा होता आणि वास न्हाव्याच्या दुकानातल्या डायचा. पण नाकावर सगळं सोडू नये. लाल रंग झटपट देणाऱ्या कोनांत दुसरी रसायनं घालतात, आणि थोडं पीपीडी घालून नुसतं गडद तपकिरी करणारेही असतात. 'हर्बल' हा शब्द छापायला शाई लागते, पाला लागत नाही. पुष्कळ जण सांगतात, कानामागं ठिपका लावून पाहा. काळ्या कोनाचं ते मुळीच करू नये. पहिल्या ठिपक्यानं काही दिसणार नाही, आणि शरीराला शिकवणी मात्र मिळेल.

महिन्याभरानं थोरली पुन्हा आली. फोड सुकले होते, वेल मात्र तिथंच होती, आता पांढुरकी. असा डाग महिनोन् महिने राहू शकतो. तिला मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात पाठवलं. तिथं पाठीवर पट्टीची चाचणी झाली, व्हॅसलीनमध्ये १ टक्का पीपीडी. दोन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा त्या जागी लाल उठलेला चट्टा होता, चौथ्या दिवशीही होता. ही ओळख आता जन्मभराची. केसांचा डाय कधीच नाही, आणि दात काढताना किंवा सुन्न करायचं औषध लावताना डॉक्टरला आधी सांगायचं, कारण बेन्झोकेनसारख्या काही औषधांशी या रसायनाचं नातं आहे. हे मी तिच्या कार्डावर लाल पेननं लिहून दिलं.

"म्हणजे आता मेंदी कधीच नाही?" तिला डायची फिकीर नव्हती, सोळाव्या वर्षी कोणाला असते.

तिच्या आजीच्या वाडीला कुंपणच मेंदीचं होतं. मी म्हटलं, त्याचीच पानं सावलीत वाळवा, कुटा, मलमलीतून दोनदा चाळा. लिंबाच्या रसात कालवा, थोडी साखर, म्हणजे लगदा सुकून गळत नाही. झाकून सहा-आठ तास ठेवा. अंगठ्यावर ठिपका लावून पाच मिनिटांत केशरी उमटला की भिजली. आधी कोपराच्या आत रुपयाएवढी लावा आणि दोन दिवस थांबा. घरच्या पाल्याचीही क्वचित कोणाला खाज येते, आणि एक वेळ येऊन गेलेल्या माणसाला घाई कशाला. घरातल्या तान्ह्या बाळाला मात्र लावू नका. लाल पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या लेकरांत लॉसोननं लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता आपल्या भागात दुर्मिळ नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या घरी लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मी लसीकरणाच्या फेरीवरून परतताना त्यांच्या दारात थांबले. कोपराच्या आतला ठिपका आठ दिवसांपूर्वीच निर्धोक ठरला होता. थोरलीनं नुकतीच धुतलेली हथेली माझ्यापुढं धरली. तोंड पडलेलं.

"केशरीच आली जी मॅडम. भोपळ्यासारखी."

आजी आतून ओरडली, "उद्या पाह्य म्हना तिले."