आधी कोणाचं?

"दोघंच आहात. एकदम पाच जणांचे मेसेज आले तर कोणाचं आधी घ्यायचं हे कसं ठरवता? आणि किती वेळात उत्तर देऊ म्हणून सांगता?"

मी आणि माझा धाकटा भाऊ दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. मेसेज आला की आम्ही एकच गोष्ट विचारतो: गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि बिल निघत नाही, असं आहे का? असेल तर पहिला वर्ग, पंधरा मिनिटांत उत्तर. बिल निघतंय, पण दोन दिवसांत रिटर्न भरायची तारीख आहे, तर दुसरा वर्ग, दोन तासांत. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कोण किती वेळा फोन करतो, याने वर्ग बदलत नाही.

मागच्या महिन्यात दहा तारखेला संध्याकाळी तीन मेसेज एकापाठोपाठ आले. कापड दुकानदाराला बिलावरचा लोगो थोडा डावीकडे हवा होता, आणि त्यांनी तीनदा फोनही केला. एका घाऊक व्यापाऱ्याची जीएसटीआर-१ ची फाइल पोर्टल घेत नव्हतं, शेवटची तारीख अकरा. एका मेडिकलचा प्रिंटर बंद होता. भावाने मेडिकल घेतलं आणि आधी सांगितलं, "बिलबुकावर हाताने बिलं फाडा, नंतर चढवू." या एका वाक्याने काउंटर पुन्हा चालू झाला आणि ते काम पहिल्या वर्गातून दुसऱ्यात उतरलं. पुढे कळलं, केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यामुळे विंडोजने `Copy 1` नावाचा नवा प्रिंटर धरला होता. तो डीफॉल्ट केला आणि झालं. तोवर मी व्यापाऱ्याच्या फाइलमधला चुकीचा जीएसटी नंबर शोधला. लोगोवाल्यांना "उद्या दुपारी बारापर्यंत" सांगितलं होतं, सकाळी अकरा वाजताच करून दिलं.

वेळेचं वचन पहिल्या उत्तराचं असतं, दुरुस्तीचं नाही. दुरुस्तीला किती लागेल हे उघडून बघेपर्यंत आम्हालाही माहीत नसतं. पण सुरुवातीला आम्ही यातच चुकलो. "बघतो" असं पाठवून पंधरा मिनिटं पाळल्याचं समाधान मानायचो, आणि दुकानदार तासभर ताटकळायचा. आता उत्तरात तीन गोष्टी हव्यातच: तोवर काय करायचं, कोण बघतंय, आणि पुढचा निरोप किती वाजता.

दुसरी अडचण तिसऱ्या वर्गाची. रोज वरची कामं येतात आणि खालची तशीच कुजतात. म्हणून दोन दिवस पडून राहिलेलं काम आपोआप दुसऱ्या वर्गात चढतं. शिवाय दुपारी दोन ते चार आमच्यातला एकजण नवे मेसेज उघडतच नाही, फक्त जुनी कामं संपवतो. त्या वेळात पहिल्या वर्गाची दोन कामं एकदम आली, तर मात्र त्याला उठवतो. महिन्यातून एकदोनदाच उठवावं लागतं. आठवड्यात तीनदा उठवावं लागलं, तर नवीन ग्राहक घेणं थांबवायचं, असं आमचं ठरलंय.