परकीय चलनातील येण्यांचे लेखापरीक्षण : ‘निव्वळ’ यादीने अडवलेली वाट

निर्यातदार कंपनीच्या लेखापरीक्षणात परकीय चलनाचे काम अवघड असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझा अनुभव असा की, त्यातील हिशेब अवघड नसतो. हिशेबासाठी लागणारी योग्य यादी हाती येणे अवघड असते. गेल्या वर्षी एका मध्यम आकाराच्या निर्यातदाराचे वार्षिक लेखापरीक्षण करताना बँक खाती, विक्रीची नमुना तपासणी आणि वाहतूक खर्च ही कामे विनाअडथळा पार पडली. त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मात्र वर्षअखेरीच्या येण्या-देण्यांच्या पुनर्मूल्यांकनावर सगळे काम अडून बसले, आणि त्याचे मूळ कारण एकाच कागदात होते.

मी पहिल्याच पत्रात परदेशी ग्राहकांकडील येण्यांची यादी मागितली होती, आणि ती कशी हवी तेही लिहिले होते : प्रत्येक इन्व्हॉइस स्वतंत्र ओळीत, मूळ चलनातील रक्कम, नोंदीच्या वेळचा दर, पुस्तकातील रुपये आणि वर्षअखेरीच्या दराने होणारे रुपये. हाती आली ती ग्राहकवार यादी, फक्त रुपयांत. प्रत्येक ग्राहकापुढे एकच आकडा आणि त्याखाली ‘पुनर्मूल्यांकन पूर्ण’ असा शेरा. पुन्हा मागितल्यावर त्याच यादीत डॉलरचा एक स्तंभ वाढवून मिळाला, पण तोही ग्राहकवार, सगळी जमा-नावे एकमेकांतून वजा करून काढलेला. “सॉफ्टवेअर असाच अहवाल देते,” असे लेखा विभागाचे उत्तर होते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे विचारणा झाली, तिकडून उत्तर येईना, आणि ताळेबंदावर सही करण्याची तारीख जवळ येत राहिली. पुनर्मूल्यांकनाची एकूण रक्कम लहान दिसत असल्याने इतका आग्रह कशासाठी, असा प्रश्नही मला विचारला गेला. मला त्या वेळी वाटलेला वैताग अजूनही पुरता गेलेला नाही, कारण ती रक्कम लहान दिसत होती ती यादी निव्वळ होती म्हणूनच.

एका ग्राहकाचे उदाहरण घेतो. हिशेब सोपा राहावा म्हणून दर गोल केले आहेत. या ग्राहकाकडून एका पाठवलेल्या मालाचे १,००,००० डॉलर येणे होते. त्याची नोंद ८२ रुपये दराने, म्हणजे ८२,००,००० रुपयांना झाली होती. त्याच ग्राहकाने पुढच्या, अजून न पाठवलेल्या मालासाठी ६०,००० डॉलर आगाऊ दिले होते; ते ८१ च्या दराने ४८,६०,००० रुपये म्हणून जमा होते. वर्षअखेरीचा दर ८४ होता. यादीत मात्र या दोन्हींऐवजी ४०,००० डॉलरचे एकच येणे होते. पुस्तकातील ३३,४०,००० रुपयांचे ८४ च्या दराने ३३,६०,००० झाले आणि २०,००० रुपयांचा विनिमय नफा नोंदवला गेला. हिशेबात कोठेही बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती.

चूक होती ती या दोन रकमा एकाच जातीच्या मानण्यात. परकीय चलनाच्या लेखामानकानुसार वर्षअखेरीच्या दराने पुन्हा मोजायच्या असतात त्या मौद्रिक बाबी, म्हणजे ज्या ठरावीक रकमेच्या पैशांतच मिळणार किंवा द्यायच्या आहेत त्या. १,००,००० डॉलरचे येणे मौद्रिक आहे. आगाऊ घेतलेले ६०,००० डॉलर मात्र पैशांत परत करायचे नाहीत, त्यांच्या बदल्यात माल द्यायचा आहे; त्यामुळे ती अमौद्रिक देयता ठरते आणि पैसे मिळाले त्या दिवसाच्या दरावरच राहते. आंतरराष्ट्रीय मानक २१ आणि त्यावर बेतलेले भारतीय मानक यांत हे तत्त्व आधीपासून आहे. आगाऊ रकमेपुढच्या विक्रीला कोणता दर लावायचा, हे २०१८ पासून लागू झालेल्या आय.एफ.आर.आय.सी. २२ या स्पष्टीकरणाने निःसंदिग्ध केले : आगाऊ रकमेची पहिली नोंद झाली त्या दिवसाचा.

म्हणजे बरोबर चित्र असे : येणे ८४,००,००० रुपये, त्यावरील विनिमय नफा २,००,०००, आणि देयतेच्या बाजूला आगाऊ रक्कम ४८,६०,००० रुपये, जशीच्या तशी. कंपनीने २,००,००० च्या जागी २०,००० नफा दाखवला होता. मधले १,८०,००० रुपये म्हणजे ६०,००० डॉलरवर दर डॉलरमागे ३ रुपयांचा काढलेला तोटा, जो मुळात अस्तित्वातच नव्हता. शिवाय ताळेबंदात येणीही कमी दिसत होती आणि देयताही. हे एका ग्राहकापुरते; अशा ग्राहकांची संख्या वाढली की रक्कम कोठे जाईल, हे निव्वळ यादी पाहून कळणे शक्य नव्हते. माझा आग्रह त्यासाठी होता.

चूक त्या वर्षापुरती राहत नाही, हे मी लेखा विभागाला पुढच्या वर्षाची नोंद कागदावर मांडून दाखवले, आणि तेव्हा कोठे बोलणे पुढे सरकले. समजा, त्या ६०,००० डॉलरचा माल दर ८५ असताना रवाना झाला. सॉफ्टवेअर विक्री ५१,००,००० रुपये दाखवील, समोर आगाऊ रक्कम पुनर्मूल्यांकित होऊन ५०,४०,००० वर उभी असेल, आणि उरलेले ६०,००० रुपये पुन्हा विनिमय तोटा म्हणून जातील. खरे तर संपूर्ण किंमत आगाऊ मिळालेली असल्याने विक्री ४८,६०,००० रुपयांचीच आहे, आणि विनिमय फरक शून्य आहे. दोन्ही वर्षे मिळून नफ्याची बेरीज तीच येते, हे खरे. पण विक्री २,४०,००० रुपयांनी फुगलेली असते आणि तेवढाच तोटा दोन वर्षांत वाटला गेलेला असतो. आपल्या विक्रीचे आकडे अकारण फुगतात, ही गोष्ट व्यवस्थापनाला विनिमय फरकाच्या चर्चेपेक्षा लवकर पटते.

अखेरीस सॉफ्टवेअरच्या अहवालाची वाट पाहणे आम्ही सोडून दिले. सर्व परदेशी ग्राहकांच्या खात्यांतील उघड्या नोंदी जशा आहेत तशा उतरवून घेतल्या आणि इन्व्हॉइसनुसार मी स्वतः जुळवल्या. हे काम कंटाळवाणे होते, परंतु त्यातून एक अशी चाचणी हाती लागली की, आता मी ती प्रत्येक निर्यातदाराकडे सर्वांत आधी करतो : पुनर्मूल्यांकनानंतर प्रत्येक ओळीतील रुपयांना डॉलरने भागायचे. येण्यांच्या प्रत्येक ओळीचा भागाकार नेमका वर्षअखेरीचा दर, म्हणजे इथे ८४, आला पाहिजे. आगाऊ रकमेच्या ओळीचा भागाकार मात्र ८४ येता कामा नये. तो पैसे आले त्या दिवसाच्या दराइतका असला पाहिजे. भागाकार वर्षभरातील कोणत्याही दराशी जुळत नसेल, तर त्या ओळीत फक्त रुपयांत केलेली एखादी नोंद शिरली आहे, असे समजून मूळ व्हाउचर काढावे. आमच्या यादीत परदेशी मध्यस्थ बँकेने कापलेले शुल्क अशा रीतीने रुपयांतच खर्ची टाकलेले सापडले. इन्व्हॉइसचे ४० डॉलर त्यामुळे उघडेच राहिले होते आणि दरवर्षी निष्ठेने पुनर्मूल्यांकित होत होते. ते येणे नव्हतेच, तो बँक खर्च होता.

देण्यांच्या बाजूला हाच विचार उलटा लावायचा. परदेशी दलालाचे १०,००० डॉलर कमिशन ८३ च्या दराने नोंदवलेले असेल, तर ते मौद्रिक देणे आहे. ८४ च्या दराने त्यावर १०,००० रुपये तोटा येतो आणि तो नोंदवलाच पाहिजे. परदेशी पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम मात्र हलवायची नाही.

वायदा करार असलेल्या कंपनीत आणखी एक गोष्ट आढळते. ज्या इन्व्हॉइससाठी करार घेतला आहे, ते येणे कराराच्या दराने दाखवण्याचा मोह होतो. मानक २१ प्रमाणे हिशेब ठेवणाऱ्या कंपनीत येणे वर्षअखेरीच्या दरानेच मोजले जाते, आणि कराराचे मूल्य स्वतंत्रपणे मोजून स्वतंत्र दाखवले जाते. वर सांगितलेल्या भागाकारात असे येणे लगेच वेगळे उठून दिसते.

दराच्या उगमाविषयी आधीच सांगायला हवे होते, ते इथे सांगतो. विक्रीची नोंद करताना सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला दर उचलण्याची सवय अनेक ठिकाणी असते, कारण तो निर्यातीच्या कागदावर छापलेला असतो. तो दर शुल्काच्या कामासाठी असतो. नोंदीसाठी व्यवहाराच्या दिवसाचा दर हवा, किंवा दरात फार चढउतार नसेल तर आठवड्याचा वा महिन्याचा सरासरी दर चालतो. आणि व्यवहाराचा दिवस म्हणजे इन्व्हॉइसवरची तारीख नव्हे, तर मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेला तो दिवस, जो बहुधा जहाजाच्या मालपावतीवरून ठरतो. वर्षअखेरीच्या आधीच्या तारखेचे इन्व्हॉइस आणि नंतरच्या तारखेची मालपावती अशी जोडी सापडली, तर त्या येण्याचे पुनर्मूल्यांकन किती झाले हे पाहण्यात अर्थ नाही. ते येणे त्या वर्षी पुस्तकात असायलाच नको.

आगाऊ रकमांच्या यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक जुन्या रकमेमागची ऑर्डर अजून जिवंत आहे का, हे ग्राहकाच्या पत्रव्यवहारावरून पाहावे. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत करायचे ठरले असेल, तर ती रक्कम त्या दिवसापासून मौद्रिक देणे होते आणि तिचे पुनर्मूल्यांकन करावेच लागते. आमच्याकडे अशी एक रक्कम निघाली, आणि जिथे खरोखर तोटा नोंदवायला हवा होता ती एवढीच आगाऊ रक्कम होती.

शेवटची तपासणी नव्या वर्षातील पावतीची. अनेक कंपन्या पुनर्मूल्यांकनाची नोंद नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उलटवतात आणि पैसे आल्यावर मूळ दराशी तुलना करतात. वरच्या उदाहरणातील १,००,००० डॉलर पुढे ८४.५० च्या दराने आले, तर मूळ ८२ शी तुलना करून २,५०,००० नफा निघतो, त्यातून उलट नोंदीचे २,००,००० वजा होऊन नव्या वर्षाला ५०,००० मिळतात. उलट नोंद राहून गेली असेल, तर तोच २,००,००० चा नफा दुसऱ्यांदा मोजला जातो, आणि ग्राहकाच्या खात्यात डॉलर शून्य व रुपये २,००,००० अशी ओळ शिल्लक राहते. डॉलर नसलेल्या पण रुपये असलेल्या ओळी गाळून पाहिल्या की त्या काही मिनिटांत समोर येतात. आता मी तशी यादी पहिल्या पत्रातच मागतो आणि ती आल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा आकडा हाती घेत नाही.