एक्क्याण्णव मिलिव्होल्ट गेले कुठे?

ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल होतं. सप्लाय 1.00 व्होल्टवर, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये मल्टिमीटर. गणिताने करंट 1 मिलिअँपिअर यायला हवा, मीटर दाखवत होता 911 मायक्रोअँपिअर.

"टॉलरन्स असेल, लिहून टाक," शेजारच्या टेबलावरून सल्ला आला. पण शेवटची पट्टी सोनेरी असली की फरक फार तर पाच टक्के असतो, इथे तो नऊ टक्के होता. रेझिस्टर ब्रेडबोर्डवरून काढून मोजला (सर्किटमध्ये असताना ओहम मोजले तर भलताच आकडा येतो), तर निघाला 998 ओहम. म्हणजे तो निर्दोष. सप्लायच्या टोकांवरही 1.00 व्होल्ट ठाम. मग संशय गेला ढिल्या वायरवर, पण कनेक्शन ढिलं असलं की आकडा नाचतो. इथे 911 जागचा हलत नव्हता.

चाळा म्हणून मीटरचा नॉब `2000µ` वरून `20m` वर नेला. करंट 0.99 मिलिअँपिअर! परत आणला, पुन्हा 911. सर्किटला हातही लावला नव्हता.

मॅडमनी दुसरा मीटर हातात दिला. "आधी रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघ, मग पहिल्या मीटरच्या दोन टोकांमधलं."

रेझिस्टरवर 0.909 व्होल्ट, मीटरवर 91 मिलिव्होल्ट. बेरीज बरोबर 1.00. 91 मिलिव्होल्टला 911 मायक्रोअँपिअरने भागलं, तर उत्तर 100 ओहम. सर्किटमध्ये दुसरा रेझिस्टर होता, फक्त तो मीटरच्या पोटात होता.

असा साधा डिजिटल मीटर मुळात व्होल्टेजच मोजतो. करंट मोजताना तो आतल्या शंट रेझिस्टरमधून जाऊ देतो आणि शंटवरचं व्होल्टेज वाचतो. पूर्ण रेंजला हे व्होल्टेज 200 मिलिव्होल्ट होईल असा शंट निवडलेला असतो. म्हणून 2 मिलिअँपिअरच्या रेंजला तो 100 ओहमचा, 20 च्या रेंजला 10 ओहमचा. रेंज जितकी लहान तितका शंट मोठा. आपण बारीक आकडा दिसावा म्हणून लहान रेंज घेतो, आणि तिथेच फसतो.

एरवी हे लक्षात येत नाही, कारण 10 व्होल्टला 10 किलोओहम लावले तर तेच 100 ओहम फक्त एक टक्का फरक पाडतात. सप्लाय एक-दोन व्होल्टचा असला की ते डोळ्यात भरतं.

जर्नलमध्ये गणित 998 अधिक 100 ओहम धरून केलं: 1.00 भागिले 1098, म्हणजे 911 मायक्रोअँपिअर. मग मीटर सिरीजमधून काढला, तिथे वायर जोडली, रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून 998 ने भागलं. करंट 1.00 मिलिअँपिअर आला. व्होल्टेजच्या रेंजला त्या मीटरचा रोध 1 मेगओहम, त्यामुळे एक किलोओहमला त्याचा उपद्रव जेमतेम एक सहस्रांश. रेझिस्टरच 1 मेगओहमचा असता तर मात्र त्यातून जाईल तितकाच करंट मीटरमधूनही गेला असता.